मी सानिका, म्हणजे वृषाली

लोकांच्या दारावर लावायच्या नावाच्या पाट्या करणं हा माझा धंदा, सागवानी फळीवर ब्रशने अक्षरं काढायची, वर पॉलिश, मागे दोन हुक. गेली आठ वर्षं मी दुसऱ्यांची नावं लिहितेय आणि माझं स्वतःचं नाव मात्र दोन ठिकाणी दोन असं चाललं होतं. माहेरचं नाव वृषाली. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर नवऱ्याने अंगठीने ‘सानिका’ लिहिलं (‘नि’ची वेलांटी उलट्या बाजूला काढली होती, फोटोत दिसते अजून), मग पेढे वाटले, झाली मी सानिका. सासूबाईंना वृषाली नावात ‘ष’ जड वाटतो, म्हणून. मला काही वाईट वाटलं वगैरे नाही तेव्हा, खरं सांगते, गंमतच वाटली होती.

पण कागदावर ते कधी झालंच नाही. गॅझेट करायचं, मग आधार, मग पॅन, मग बँक, हे सगळं ‘पुढच्या महिन्यात’ करत राहिलो आणि ते राहूनच गेलं. त्यामुळे बँकेत, पासपोर्टवर, पॅनवर मी वृषाली, आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲप सगळीकडे सानिका. हँडल `sanikapaatya`. कुणाचंच काही अडलं नव्हतं.

अडलं ते गेल्या वर्षी. आधी लोक यूपीआयवर पैसे पाठवायचे तेव्हा त्यांच्या ॲपमध्ये बऱ्याचदा त्यांनी सेव्ह केलेलं नाव दिसायचं, सानिका पाट्या किंवा असंच काहीतरी. २०२५ च्या जूनअखेरीपासून नियम आला की पैसे देणाऱ्याला बँकेत नोंदलेलं नावच दाखवायचं. नियम चांगलाच आहे, फसवणूक कमी व्हावी म्हणून आहे. पण माझं काय झालं, माणूस ऑर्डर देतो सानिकाला आणि ॲडव्हान्स टाकायला गेला की स्क्रीनवर येते वृषाली, तीही माहेरच्या आडनावासकट. लोक थांबायला लागले. एकाने तर स्क्रीनशॉट पाठवून विचारलं, “मॅडम, हे कुणाचं अकाउंट आहे?” बरोबर आहे त्याचं, मीही विचारलं असतं. जुलै महिन्यात असे चार-पाच फोन आले आणि दोघांनी पैसे न टाकता गप्प बसणं पसंत केलं. तेव्हा ठरवलं की एक तर बँक सानिका करायची नाहीतर सगळे प्रोफाइल वृषाली करायचे. दुसरं स्वस्त होतं. आणि मनातही तेच होतं बहुतेक, पण ते नंतर कळलं.

आता ‘नाव बदललं’ हे लोकांना कळवणं मला वाटलं एका पोस्टचं काम आहे. आपल्याकडे पेपरात छोट्या जाहिरातींत येतं ना, ‘मी अमुक अमुक, पूर्वाश्रमीची तमुक’. दोन ओळी, संपलं. मीही तसंच काहीतरी करणार होते. पण पेपरातली जाहिरात असते दाखवायला, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर पुढे करायचा कागद. ती वाचून तुम्हाला कुणी शोधायला येत नाही. माझं उलटं होतं, मला ज्यांनी शोधायचं ते लोक ती पोस्ट बघतीलच याची काही खात्री नव्हती. २०१९ मध्ये पाटी नेलेला माणूस दुसरा फ्लॅट घेतो तेव्हा येतो. तो रोज माझ्या पोस्ट बघत बसलेला नसतो, तो सर्चमध्ये ‘सानिका पाट्या’ टाकतो. किंवा घरातली पाटी उलटी करतो.

हे पाटी उलटी करणं मी विसरलेच होते! प्रत्येक पाटीच्या मागे मी एक छोटा स्टिकर लावते, त्यावर हँडल आणि क्यूआर. चारशेच्या आसपास पाट्या गेल्यात आजवर, म्हणजे चारशे दारांवर माझं जुनं हँडल आतल्या बाजूने भिंतीला चिकटून बसलंय. ते मी कशी बदलणार? इन्स्टाग्रामवर यूजरनेम बदललं की फॉलोअर्स, पोस्ट, मेसेज सगळं तसंच राहतं, पण जुनी लिंक नव्या ठिकाणी आपोआप नेत नाही. क्यूआर मी त्या लिंकचाच छापलेला. म्हणजे स्कॅन केलं की ‘हे पेज उपलब्ध नाही’. आणि त्याहून वाईट म्हणजे ते जुनं नाव काही दिवसांनी मोकळं होतं, मग कुणीही उचलू शकतं. माझ्याच स्टिकरवरून दुसऱ्याच्या दुकानात.

म्हणून पहिलं काम केलं ते नवं नाव सगळीकडे मिळतंय का हे बघणं. यात माझा एक अख्खा शनिवार गेला, कारण प्रत्येकाचे नियम वेगळे. इन्स्टाग्रामवर टिंब चालतं आणि अंडरस्कोअरही चालतो, एक्सवर अंडरस्कोअर चालतो पण टिंब नाही, वर एकूण पंधराच अक्षरं, फेसबुकच्या यूजरनेमला टिंब चालतं पण अंडरस्कोअर नाही. म्हणजे सगळीकडे सारखं हवं असेल तर मधे काहीच टाकायचं नाही, सलग लिहायचं. `vrushalipaatya`, मोजलं तर चौदा. बसलं. मग जिथे माझं अकाउंटच नव्हतं तिथेही एक रिकामं उघडून ते नाव धरून ठेवलं. एसटीत रुमाल टाकतात तसं.

स्पेलिंगचा प्रश्न मात्र सुटला नाही आणि सुटणारही नाही. सानिका हे नाव इंग्रजीत बहुतेक जण एकाच पद्धतीने लिहितात. वृषालीचं काय सांगू, Vrushali, Vrishali, Wrushali, शेवटी दोन e लावणारेही आहेत. लोक मराठी नाव मनात म्हणतात आणि बोटाला येईल ते टाइप करतात. देवनागरीत शोधणारे थोडे, आणि त्यातले अर्धे ‘वृशाली’ लिहितात. (सासूबाईंचं ‘ष’बद्दलचं म्हणणं इथे थोडं पटलं.) म्हणून जुनं नाव एकदम पुसून चालणार नव्हतं, ते कुठेतरी सर्चला सापडेल असं ठेवणं भाग होतं.

इन्स्टाग्रामवर दोन वेगवेगळे रकाने असतात हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एक यूजरनेम, ज्याने लिंक बनते, आणि एक नुसतं नाव, जे ठळक दिसतं. सर्च दोन्हींत शोधतं. म्हणजे यूजरनेममध्ये वृषाली गेली तरी नावाच्या रकान्यात सानिका ठेवता येते. मी लिहायचं ठरवलं ‘Vrushali (Sanika) नावाच्या पाट्या’. फेसबुकवर तर यासाठी वेगळी सोयच आहे, ‘दुसरं नाव’ म्हणून जोडता येतं, माहेरचं नाव, टोपणनाव असे प्रकार निवडायचे आणि ते प्रोफाइलवर नावाशेजारी दाखवायचं की नाही ते सांगायचं. त्यात ‘माहेरचं’ म्हणून मी सानिका टाकलं असतं तर चुकीचं झालं असतं. टोपणनाव म्हणून टाकलं. लिंक्डइनवर पूर्वीचं नाव असा रकाना आहे असं मैत्रीण म्हणाली, माझा तिथे काही संबंध येत नाही.

मग तारीख. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा या मुहूर्तांच्या आधी ऑर्डर इतक्या असतात की तेव्हा नाव बदलणं म्हणजे चालू गिरणीत पट्टा बदलणं. म्हणून पितृपक्ष धरला. पितृपक्षात वास्तुशांत कुणी करत नाही, माझा धंदा थंड. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “अगं पितृपक्षात कुणी नाव बदलतं का?” म्हटलं आई, नवीन नाव कुठे घेतेय, पूर्वजांनी ठेवलेलंच परत घेतेय, पितृपक्षातच बरं. त्या हसल्या, पण थोड्या वेळाने आत जाऊन टीव्ही मोठा केला. ते मी ऐकलं.

अनंत चतुर्दशी झाली ६ सप्टेंबरला, ७ तारखेला पोस्ट टाकली आणि बदल करायचा होता १४ ला, रविवारी. एक आठवडा आधी सांगायचं कारण असं की बदल झाल्यावर सांगितलं तर सांगणारीच अनोळखी दिसते. जुन्या नावाने, जुन्या फोटोसकट, जुन्याच अकाउंटवरून सांगितलं की लोक ओळखीच्या माणसाकडून ऐकतात. हे मला आधी सुचलं होतं याचा मला अजून अभिमान आहे, कारण पुढे मी बरंच काही चुकवलं.

पहिली चूक पोस्टचीच. लिहिलं होतं, ‘नवी सुरुवात! आता भेटूया नव्या नावाने. लवकरच...’ आणि पाटीचा सुंदर फोटो. खाली पाचव्या ओळीत कुठेतरी वृषाली. इन्स्टावर कॅप्शनची पहिली एकदोन ओळच दिसते, बाकी ‘आणखी’ दाबलं तर. लोकांनी वाचलं ‘नवी सुरुवात, नवं नाव’ आणि बायकांच्या बाबतीत याचा एकच अर्थ लागतो. दुपारपर्यंत तीन फोन. कॉलेजच्या मैत्रिणीने तर रडवेल्या आवाजात विचारलं, “सगळं ठीक आहे ना ग? आधी का नाही सांगितलंस?” नवरा शेजारीच बसून उसळ खात होता. मामींनी सरळ आईलाच फोन लावला.

संध्याकाळी ती पोस्ट काढली आणि दुसरी लिहिली. ही इथे पूर्ण देते, कारण यात प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या फोनमुळे आली आहे:

‘मी सानिका, पाट्या करणारी. १४ सप्टेंबरपासून हेच अकाउंट वृषाली या नावाने दिसेल. हँडल vrushalipaatya. हे माझं माहेरचं नाव, बँकेत आधीपासून हेच आहे, पैसे पाठवताना तुम्हाला हेच दिसतं. फोन नंबर तोच, फोटो तोच. मी नवीन अकाउंट काढलेलं नाही, तेव्हा माझ्या नावाने नवीन रिक्वेस्ट आली तर ती माझी नाही. घरी सगळं ठीक आहे.’

जुनं नाव पहिल्या दोन शब्दांत, कारण लोक ते ओळखतात. नंतर तारीख आणि नवं नाव. आणि ती रिक्वेस्टवाली ओळ सगळ्यात महत्त्वाची निघाली. आपल्या सगळ्यांनाच येतात ना तसले मेसेज, ओळखीच्या माणसाचा फोटो चोरून नवीन फेसबुक अकाउंट, ‘जुनं बंद झालं, हे ॲड कर’, आणि दोन दिवसांनी अर्जंट पैसे. नाव बदलल्याची घोषणा म्हणजे असल्या लोकांना आयतंच निमित्त. म्हणून पोस्टमध्ये लिंकही दिली नाही आणि ‘इथे क्लिक करा’ तर अजिबात नाही. लोकांनी काहीच करायचं नाहीये, नुसतं वाचायचं, हे मी मुद्दाम तसं ठेवलं. फोटोही म्हणूनच बदलला नाही. मला नवा डीपी लावायचा मोह फार होता, मोरपिशी साडीतला चांगला आलाय एक, पण लिस्टमधून अंगठा सरकवताना माणूस नाव वाचतच नाही, गोल फोटो बघतो. नाव आणि फोटो दोन्ही एकदम बदलले तर तो विचारतो ही कोण, आणि अनफॉलो करतो. फोटो बदलला तो थेट जानेवारीत.

दुसरी चूक व्हॉट्सॲपची. मला वाटलं प्रोफाइलचं नाव बदललं की सगळ्यांना दिसेल. नाही दिसत. ज्याने माझा नंबर सेव्ह केलाय त्याला त्याने जे नाव टाकलंय तेच दिसणार, मी स्वतःला काहीही म्हणवून घेऊ दे. माझं प्रोफाइलचं नाव दिसतं फक्त ज्यांच्याकडे नंबर सेव्ह नाही त्यांना, ग्रुपमध्ये ती नागमोडी रेघ असते त्याच्या पुढे. मग ब्रॉडकास्ट लिस्ट केली, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, दोन लिस्ट, जुन्या ग्राहकांना मेसेज पाठवला आणि निवांत झाले. आठवड्याने लक्षात आलं की अर्ध्याच्या वर लोकांना तो पोचलेलाच नाही, कारण ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला असतो. एक टिक येऊन बसलेली. पाटी घेऊन गेल्यावर कोण कशाला पाटीवालीचा नंबर सेव्ह करतंय? म्हणजे मेसेज ज्यांना पोचला ते मला ओळखतच होते, आणि ज्यांना गरज होती ते राहिले. त्यांना मग एकेकाला पाठवला, रोज पंधरा-वीस, त्यांच्या पाटीचा फोटो जोडून. ‘ही तुमची पाटी केलेली सानिका’. पाटीवर त्यांचंच नाव असल्यामुळे कुणालाच शंका आली नाही, आणि चार ऑर्डर आल्या त्यातून, ते जाऊ दे.

तिसरी चूक सगळ्यात बावळट. १४ ला सकाळी आंघोळ वगैरे करून बसले, चहा घेतला, इन्स्टावर नाव बदललं. घाईत ‘Vrushli’ लिहिलं. a राहिला. लगेच दुरुस्त केलं. मग बघितलं तर कंसातली सानिकाच विसरले होते. परत गेले तर म्हणे नाव चौदा दिवसांत दोनदाच बदलता येतं. झाली दोनदा! पाट्या लिहिणारी बाई, स्वतःच्या नावात काना खाते. म्हणजे २८ सप्टेंबरपर्यंत सर्चमध्ये सानिका कुठेच नाही आणि दसरा २ ऑक्टोबरला. तेवढे दिवस बायोमध्ये पहिल्याच शब्दात ‘पूर्वीची सानिका’ लिहून ठेवलं, बायोला १५० अक्षरं मिळतात, त्यातली ती खर्च केली. पण बायोने जो आधीच प्रोफाइलवर पोचलाय त्याला कळतं, शोधणाऱ्याला मदत होत नाही. त्या दोन आठवड्यांत नवीन माणसं नेहमीपेक्षा कमी आली, पितृपक्षामुळे की माझ्यामुळे ते देव जाणे. फेसबुकवर मात्र आधी कागदावर लिहून, नवऱ्याला वाचायला देऊन मग टाकलं, कारण तिथे एकदा बदललं की साठ दिवस हात लावता येत नाही.

जुन्या हँडलचं काय ते राहिलं. यूजरनेम बदलल्यावर साधारण चौदा दिवस तुम्हालाच परत फिरता यावं म्हणून ते सहसा राखून असतं, म्हणजे तेवढ्यात दुसऱ्या अकाउंटला ते घ्यायला गेलं तर मिळेलच असं नाही. मला नाही मिळालं. मी रोज रात्री भांडी झाली की एकदा टाकून बघायचे, देवाला दिवा लावावा तसं. शेवटी एका रात्री मिळालं. दुसरं अकाउंट काढून `sanikapaatya` पुन्हा माझ्याकडे, त्यावर एकच पोस्ट, पाटीवरच लिहिलंय, ‘सानिका आता इथे आहे’, आणि बायोत नवं हँडल. बाकी काही नाही, कमेंट बंद. त्या अकाउंटवर मी काहीच करत नाही, फक्त महिन्यातून एकदा उघडून मेसेज बघते. ते नाव मिळालं नसतं तर माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता, हे खरंय. आता नव्या स्टिकरवर मी फोन नंबर छापते, हँडल नाही.

आणि जुना ईमेल. त्यात सानिका आहे, म्हणून तो बंद करायच्या बेतात होते. भाच्याने वेळेत अडवलं. म्हणाला, “मावशी, तुझे सगळे पासवर्ड रिसेट त्याच्यावर येतात.” तो तसाच ठेवला, मेल आपोआप नव्या पत्त्यावर येतील असं करून दिलं त्याने, आणि एकेका ठिकाणी जाऊन लॉगिनचा ईमेल बदलतेय, अजून संपलेलं नाही.

सासूबाईंच्या फोनमध्ये मी अजून ‘सानिका नवा नंबर’ आहे, तो नंबर २०१४ सालचा. त्या घरात मला सानिकाच म्हणतात आणि मी ओ देते. इन्स्टावर मात्र त्यांनी माझ्या पोस्टखाली लिहिलं, ‘छान पाटी वृषाली’. ‘श’ लिहून खोडलं असणार असं मला वाटतं, कारण ‘ष’ बरोबर होता.

मधे वाटलं होतं की वर्ष झालं की कंसातली सानिका काढून टाकावी, नाव सुटसुटीत दिसेल. परवा त्या जुन्या अकाउंटवर एक मेसेज आला. गृहस्थ सातारचे, पाटी २०१८ ची. त्यांनी भिंतीवरून पाटी उतरवून मागचा स्टिकर स्कॅन केला होता, फोटोही पाठवला, स्टिकर पिवळा पडलाय, एक कोपरा पालीने खाल्ल्यासारखा. लिहिलं होतं, ‘सानिकाताई, मुलीचं लग्न झालं, तिच्या दारासाठी एक हवी. तिचं नाव बदललेलं नाही, तेच लिहायचं आहे.’

फळी घासून ठेवलीय. कंस राहू दे अजून.